वीस पानांचा आढावा, एका पानाचा नकाशा



पीएच.डी.च्या प्रबंधातलं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं लिहिलेलं असतं. ‘अमुक यांच्या मते’ म्हणून एक परिच्छेद, ‘तमुक असे म्हणतात’ म्हणून दुसरा. वीस-पंचवीस पानं वाचली की कोणी काय लिहिलं ते कळतं. पण कोणाचं कोणाशी पटत नाही आणि का, ते कळत नाही. शेवटी एक वाक्य येतं, ‘या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.’ मुलाखतीत परीक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

हा आढावा एका पानावर कसा आणायचा, ते आज एका विषयावर करून दाखवतो. विषय घेऊ मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा. त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यात खरे मतभेद आहेत.

पहिलं काम पेन्सिलचं. मसुद्यातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकच वाक्य लिहायचं: इथे दावा काय आहे? ‘मॉरिस यांनी कामगारांच्या शिस्तीचा अभ्यास केला’ हा दावा नव्हे, ती नुसती माहिती झाली. मॉरिस डी. मॉरिस यांच्या १९६५च्या पुस्तकाचा दावा असा: गिरण्यांना माणसांची टंचाई कधी नव्हतीच, आणि कामावरची बेशिस्त कामगाराच्या खेडवळ मनातून आलेली नसून मालकांच्या धोरणातून आली होती. या वाक्यात कारण आहे आणि परिणाम आहे. कोणी विरोध करायचा तर कशाला करायचा, तेही स्पष्ट आहे. ज्या परिच्छेदासमोर असं वाक्य लिहिता येत नाही, तो नकाशात येत नाही.

मग ही वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवा आणि टेबलावर मांडा. लेखकांची नावं मागच्या बाजूला ठेवा. नाव समोर असलं की हात आपोआप कालक्रम लावतो. आपल्याला हवा असतो तो प्रश्न: कोणत्या चिठ्ठ्या एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देतात?

आपल्या विषयात तीन प्रश्न निघतात. कामगारानं गावाशी नातं का तोडलं नाही? जॉबरची, म्हणजे माणसं भरती करणाऱ्या मुकादमाची, सत्ता किती होती? आणि महिनोन् महिने चाललेले संप टिकले कशावर?

पहिल्या प्रश्नावर १९३१च्या रॉयल कमिशनच्या अहवालाची भूमिका अशी की हा कामगार मुळात खेडूतच आहे. राजनारायण चंदावरकर १९९४च्या ग्रंथात हे उलटं करतात. नोकरीची शाश्वती नव्हती, मजुरी अपुरी होती, म्हणून शहरात टिकण्यासाठीच गाव धरून ठेवावं लागलं. आणि तेच गाव संपात आधाराला आलं. पाहा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नात शिरलं. दुसऱ्यातही तसंच होतं. जॉबर सर्वसत्ताधीश होता हा जुना समज. चंदावरकर दाखवतात की त्याची ताकद वस्तीतल्या नात्यांवर उभी होती आणि तिथेच तिला मर्यादाही पडत होती.

आता आडवा ए-फोर कागद घ्या. डोक्यावर प्रबंधाचा प्रश्न एका ओळीत, डावीकडे एकाखाली एक हे तीन प्रश्न, प्रत्येकासमोर परस्परविरोधी दावे, मध्ये बाण. बाणावर दोन-तीन शब्दांत वादाचं कारण लिहायचं: पुरावा वेगळा आहे की अर्थ वेगळा लावला आहे? दीपेश चक्रवर्तींचं १९८९चं पुस्तक कलकत्त्याच्या ताग गिरण्यांवर आहे, त्यामुळे त्यांचा बाण तुटक रेघेचा. तिथला निष्कर्ष मुंबईला थेट लावता येत नाही, हे कागदावर दिसलंच पाहिजे.

उजवीकडचा रकाना मात्र माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक जण सोडून देतात. प्रत्येक दाव्यासमोर लिहायचं की तो कोणत्या कागदपत्रांवर उभा आहे आणि त्या कागदपत्रांना काय दिसूच शकत नाही. सरकारी चौकशीचे अहवाल, मालकसंघाची दफ्तरं, पोलिसांच्या नोंदी: यांत गिरणीच्या हजेरीपटावरचा माणूस दिसतो. राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळातल्या गिरणीतल्या बायकांवर लिहिलं, तेव्हा हजेरीपटावरची बाईही दिसू लागली. पण हजेरीपटावर जिचं नाव कधी आलंच नाही, तिचं काय?

इथे कागदाकडे नीट पाहा. गाव, जॉबर, संप, तिन्ही ओळींचे बाण वस्तीकडे येतात, आणि वस्तीत एकट्या राहणाऱ्या पुरुषाला रोज दोन वेळा जेवू कोण घालत होतं? खानावळवाली. महिन्याच्या हिशोबावर जेवण, पगाराला पैसे. संपात पगार थांबला की उधारी वाढत जायची. कामगाराच्या खर्चाच्या तक्त्यात खानावळ हा खर्चाचा आकडा असतो. तो आकडा कोणाची कमाई आहे, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. वीस पानांच्या मसुद्यात ही बाई तीन ठिकाणी एकेका वाक्यात येऊन जाते आणि लक्षात राहत नाही. एका पानावर मात्र तिची जागा रिकामी दिसते.

पण रिकामी जागा दिसली म्हणजे पोकळी सापडली असं नाही. विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त चुकतात. ‘खानावळवालीवर कोणी लिहिलेलंच नाही’ असं लिहिलंत तर परीक्षक दोन मिनिटांत खोडून काढतील. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या २००४च्या पुस्तकात गिरणगावातल्या माणसांचे आवाज त्यांच्याच तोंडून नोंदले आहेत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी. त्या कामाबद्दलही लिहिलं गेलं आहे. इंग्रजी सूचीत सापडलं नाही म्हणून पोकळी, असं तर मुळीच करू नका. कामगार चळवळीची पत्रकं, आठवणी, दिवाळी अंकांतले लेख मराठीत आहेत, ते आधी चाळा.

एवढं चाळल्यावर पोकळी आकसते, आणि आकसते म्हणूनच ती खरी ठरते. खानावळवाली आपुलकीच्या गोष्टीत येते, पण संप ज्या उधारीवर टिकले, त्या उधारीतली एक कडी म्हणून तिची तपासणी व्हायची आहे. वाण्याकडून तिला किराणा कोणत्या बोलीवर मिळायचा? संप मोडल्यावर बुडालेली बाकी कोणाच्या अंगावर पडली? १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात आणि १९८२च्या संपात यात काय बदललं होतं? नकाशाच्या खालच्या पट्टीत असे दोन-तीन प्रश्नच लिहायचे, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या साधनानं सुटेल ते. ज्या प्रश्नापुढे साधन लिहिता येत नाही, तो कितीही आकर्षक असला तरी या प्रबंधाचा नाही. १९२८चा प्रश्न मला इथेच अडलेला दिसतो: त्या काळातल्या बायका आता सांगायला नाहीत. तो कोणाच्या घरी हिशोबाच्या वह्या सापडल्या तरच सुटेल.

नकाशाची मर्यादाही सांगतो. चंदावरकरांसारखा ग्रंथ एका वाक्यात मावत नाही. त्यातले अपवाद आणि ‘परंतु’ गळून पडतात. म्हणून प्रत्येक दाव्याचा पृष्ठक्रमांक वेगळ्या वहीत ठेवायचा आणि प्रकरण पुन्हा लिहिताना नकाशावरून नव्हे, त्या पानावरून लिहायचं. नकाशा बरोबर आहे का, हे पाहायची माझी एकच कसोटी आहे. विषय माहीत नसलेल्या माणसाला तो द्या आणि विचारा, भांडण कशाबद्दल आहे? त्यानं लेखकांची नावं सांगितली तर कागद पुन्हा करायचा. वाद सांगितला तर झाला.

जाता जाता एक विनंती. या सभागृहात लालबाग-परळशी नातं असलेले पुष्कळ जण असतील. आजीच्या ट्रंकेत खानावळीच्या उधारीची वही, वाण्याचं खातं, डब्यांचा हिशोब, काहीही असेल तर रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा, निदान पानांचे फोटो तरी काढून द्या.