चाळीस मेणबत्त्या आणि पंचवीस टक्के

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी वही घेऊन आल्या. घरात सुगंधी मेणाचा दरवळ आठवडाभर येतच होता. काचेच्या छोट्या ग्लासात ओतलेल्या ४० मेणबत्त्या त्यांनी आणि त्यांच्या जाऊबाईंनी केल्या होत्या. "भाऊ, खर्चावर पंचवीस टक्के सुटले पाहिजेत. किती रुपयांना विकू?" मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे.

वहीत सामान नीट मांडलेलं होतं. पाच किलो मेण ८०० रुपये, ग्लास ७२०, पत्र्याच्या चकतीसकट वाती १२०, सुगंधी तेल ४००, रंग ४० आणि खोकी ३२०. एकूण २४००. खाली वहिनींनी स्वतःच उत्तर लिहिलं होतं : एका मेणबत्तीला ६० रुपये खर्च, त्यावर चौथाई म्हणजे १५, किंमत ७५.

गणित शाळेतल्यासारखं अगदी बरोबर. मी फक्त एवढंच विचारलं, "चाळीसच्या चाळीस विकायला ठेवल्यात ना?" वहिनी हसल्या. दोन ग्लास गरम मेण ओतताच तडकले होते, दोन खोक्यात भरताना हातून निसटले. काचेच्या कपच्या मिसळलेलं मेण परत वितळवून वापरता येत नाही, ते गेलंच. काहींच्या वातीभोवती मेण थंड होताना खळगा पडला होता, पण त्यात थोडं मेण पुन्हा ओतून त्यांनी तो भरून काढला. म्हणजे विकायला उरल्या ३६.

खर्च मात्र चाळिसांचा झालेला आहे. म्हणून आधी एका मेणबत्तीचा खर्च काढायचाच नाही. सगळ्या घाण्याचा धरायचा. २४०० खर्च आणि ६०० नफा मिळून ३००० रुपये हातात यायला हवेत. त्याला ३६ ने भागा : ८३ रुपये आणि वर काही पैसे. त्या पैशांसाठी ८४ म्हणायचं. "ऐंशी म्हणते, बोलायला सोपं," असं वहिनी म्हणाल्या. ऐंशीने ३६ मेणबत्त्यांचे २८८० होतात. नफा ४८०, म्हणजे खर्चाच्या वीस टक्के. बोलायच्या सोयीसाठी पाच टक्के गेले!

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण भांडणं हिच्यावरून होतात. दुकानदार टक्के म्हणतो तेव्हा तो बहुधा विक्रीच्या किमतीवर बोलतो, आपण बोलतो खर्चावर. आपले ६०० रुपये खर्चाच्या पंचवीस टक्के आहेत, पण ३००० च्या विक्रीचे वीसच. दोघंही खरं बोलतात आणि दोघांनाही दुसरा लबाड वाटतो.

वहिनींच्या बाबतीत हे लगेचच आडवं आलं. कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानाने मेणबत्त्या ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, विक्रीवर वीस टक्के कापून. वहिनींनी ८३ वर वीस टक्के चढवले आणि शंभर लिहिले. दुकानदार वीस टक्के कापणार ते शंभराचे. म्हणजे वीस रुपये जाऊन हातात पुन्हा ऐंशीच! आपल्याला शंभरातले ऐंशी मिळणार असतील, तर हवी ती रक्कम ऐंशीने भागून शंभराने गुणायची. ८३ रुपये ३३ पैशांचे असे १०४ रुपयांच्या वर होतात. आम्ही १०५ ठरवले. दुकानदाराचे २१ गेल्यावर ८४ हातात, ३६ मेणबत्त्यांचे ३०२४ आणि नफा ६२४ रुपये.

अर्थात याला नफा म्हणताना माझी जीभ जराशी अडखळली. दोघी बायकांचे मिळून वीस तास आणि गॅस यात कुठेच धरलेला नाही. वीस तासांनी भागलं तर तासाला एकतीस रुपये. मी ते बोलून दाखवलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊक आहे, पण १०५ च्या वर आमच्या रस्त्यावर कोण घेणार?" मजुरी खर्चात धरली की किंमत दीडशेच्या पुढे जाते, हे त्यांनी आधीच पडताळलं होतं.

मग दुसऱ्या घाण्याच्या वेळी त्यांनी किमतीऐवजी तडकणाऱ्या ग्लासांकडे लक्ष दिलं. ओतण्याआधी ग्लास कोमट करून घेतले, मेण चुलीवरून उतरवून थोडं निवू दिलं, आणि खोकी टेबलावर न भरता खाली सतरंजीवर बसून भरली. त्या वेळी एकच मेणबत्ती गेली. खर्च तोच २४००, हवे तेच ३०००, पण भागायला ३९. दुकानातली किंमत आली ९७ रुपये. पंचवीस टक्के जागच्या जागी राहिले आणि पाटी शंभराच्या आत आली.