भांडाराची वही आणि छत्तीस वह्या



पाटणकर बाजारातील आपल्या कोठीत विद्यार्थ्यांना वाटावयाच्या वह्यांचा साठा असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याची हस्तलिखित वही संगणकावर तक्त्याच्या रूपात उतरविण्याचे काम आम्हां शिक्षकमंडळींकडे आले. त्या सुमारास मोजणीत वहीपेक्षा छत्तीस वह्या कमी भरल्या होत्या. छत्तीस म्हणजे बरोबर तीन डझन! साहजिकच कोठी सांभाळणाऱ्या काकांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आम्ही आरंभीची शिल्लक, आवक, जावक आणि शिल्लक अशी घरे आखली. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले. वहीत काकांनी लिहिलेली शिल्लक चुकीची वाटली तरी न सुधारता, जशीच्या तशी निराळ्या घरात उतरविली. पहिल्याच झटक्यात सर्व ‘दुरुस्त’ केले असते, तर चूक कोठे झाली हे कायमचे पुसले गेले असते. शिवाय पान उलटले की ‘मागील पानावरून’ अशी स्वतंत्र ओळ घातली. सूत्रे एवढीच:

```
F2: =C2+D2-E2
C3: =F2
H2: =F2-G2
```

येथे C आरंभीची शिल्लक, D आवक, E जावक, F तक्त्याने काढलेली शिल्लक, G वहीतील शिल्लक आणि H फरक.

आता प्रत्यक्ष पान पाहू. आरंभी २४० वह्या. बारा डझन आल्या; आवक सुट्या नगांतच मांडावयाची, म्हणून १४४. मग ९६ दिल्या, शिल्लक २८८. पुढे १५१ दिल्या, शिल्लक १३७. येथवर फरकाच्या घरात शून्य. पुढच्या ‘मागील पानावरून’ या ओळीत वही म्हणते १७३, आणि फरक उणे ३६. त्यानंतर ६० दिल्या. वहीत ११३, तक्त्यात ७७. कपाटात मोजल्या, तर सत्त्याहत्तरच!

१३७ चे १७३ झाले होते. शेजारचे दोन अंक उलटले की फरकास नेहमी नवाने भाग जातो, ही जुन्या हिशेबनिसांची खूण. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण तीन डझन खरोखर नाहीसे झाले तरी छत्तीसच भरतात. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली, तेव्हाच खात्री पटली. वहीत खाडाखोड न करता लाल शाईने दुरुस्तीची नोंद केली व खाली दोघांनी सह्या केल्या.

मात्र दिलेली वही लिहिलीच नाही, तर फरकाचे घर शून्यच दाखवील. ती चूक कपाट मोजल्यावरच उघडी पडते. म्हणून दर महिनाअखेर आता काका स्वतः मोजतात, आणि आम्ही आकडा लिहून घेतो.