जड कोण, हलके कोण? पहिलीच्या वर्गातील हँगरचा तराजू

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात पहिलीच्या वर्गशिक्षिकेने केलेले भाषण)



आज मी आपल्यासमोर तीनच वस्तू घेऊन आले आहे. कपडे अडकवण्याचा एक हँगर आणि एकसारख्या दोन पिशव्या. पहिलीच्या मुलांना ‘जड’ आणि ‘हलके’ हे दोन शब्द शिकवायला याहून अधिक काही लागत नाही. मात्र हे साधन वाटते तितके भोळे नाही. ते कसे बांधावे, त्याला काय विचारावे आणि त्याच्या उत्तरावर कुठवर विसंबावे, एवढेच आज सांगणार आहे.

आरंभी एक प्रश्न. मुलांना दोन हात असताना तराजू हवाच कशाला? बटाटा एका हातात, लिंबू दुसऱ्या हातात. जड कोण ते मूल लगेच सांगते. पण हाताची साक्ष नेहमी खरी नसते. वाळू भरलेले दोन डबे घ्या, एक लहान आणि एक मोठा, पण वजनाने अगदी सारखे. उचलून पाहिले की लहान डबाच जड वाटतो. दोन्ही सारखे आहेत हे ठाऊक असलेल्या मोठ्या माणसालाही तसेच वाटते. ऑगस्तँ शार्पांतिये या फ्रेंच वैद्याने 1891 मध्ये हा भ्रम प्रयोगाने दाखवून दिला. डोळ्यांची फसगत याच्या उलट असते. पुस्तकातल्या चित्रात मुले मोठ्या वस्तूवर ‘जड’ म्हणून खूण करतात, कारण चित्राला वजन नसते, फक्त आकार असतो. डोळा आणि हात यांच्यात वाद झाला की तिसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे हा हँगर.

आता बांधणी पाहू. हँगर शक्यतो असा घ्यावा, की त्याच्या दोन्ही टोकांना पट्टी अडकवण्याच्या खाचा असतील. खाच नसेल तर टोकापासून सारख्या अंतरावर दोन रबरबँड घट्ट गुंडाळावेत. पिशवी आतल्या बाजूला सरकली तर तिची बाजू आखूड होते आणि जड वस्तूही हलकी दिसू लागते. आपल्या इंदूरकडच्या हिंदीत मापात खोट करणाऱ्या दुकानदाराला ‘डंडी मारणारा’ म्हणतात. मराठीत दांडी मारतात ते शाळेला! सरकलेली पिशवी हिंदी अर्थाने दांडी मारते.

हँगर भिंतीवरच्या खिळ्याला लावू नये. पिशव्या भिंतीला घासतात आणि अडकून राहतात. दाराच्या चौकटीतून दोऱ्याचा एक सैल फास सोडावा आणि त्यात हँगरचा आकडा अडकवावा. उंची अशी ठेवावी, की हँगरची टोके मुलांच्या डोळ्यांसमोर येतील. दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावावी, कारण मुलांनी पाहायचे ते टोकांकडे. सांगितले नाही तर ती पिशव्यांच्या बुडाकडे पाहतात, आणि एका पिशवीचे बंद थोडे लांब असले तर तीच खाली गेली असे ठामपणे सांगतात. बंदाच्या लांबीने वजनात काही फरक पडत नाही, पण दिसण्यात पडतो. म्हणून दोन्ही पिशव्या एकाच मापाच्या आणि एकाच कापडाच्या असाव्यात.

यानंतर रिकाम्या पिशव्या लावून पाहायचे. बहुधा एक बाजू किंचित झुकलेली असते. मग वर गेलेल्या बाजूच्या पिशवीत कागदाचा कपटा किंवा एक-दोन चिमटे टाकून दोन्ही लाल खुणा समपातळीत आणायच्या. या भरीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज म्हणतो, पण खरा पासंग पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. दुकानात मुलांना दिसतो तो विजेवरचा काटा, आणि त्यावर उमटणारा आकडा. कोण खाली गेले आणि कोण वर आले, हे त्यांच्या नजरेस पडतच नाही. पासंग घालण्याचे काम मुलांकडूनच करून घ्यावे. तुलना सुरू होण्यापूर्वी तराजू निःपक्षपाती आहे की नाही हे पाहायचे असते, ही गोष्ट तिथेच त्यांच्या लक्षात येते.

वस्तू टाकण्यापूर्वी अजून एक पायरी आहे. ‘खाली गेली ती जड’ हे आपल्याला उघड वाटते. सहा वर्षांच्या मुलाला तसे वाटेलच असे नाही. खेळात वर असणारा जिंकतो, म्हणून वरची बाजू ‘जास्त’ असा अर्थ काही मुले लावतात. यासाठी मुलांनाच हँगर करायचे. मुलाने दोन्ही हात आडवे पसरायचे, प्रत्येक हातात एक पिशवी. एका पिशवीत पुस्तके, दुसरीत रुमाल. थोड्याच वेळात पुस्तकांचा हात खाली येऊ लागतो. जो हात खाली ओढला गेला तिकडची पिशवी जड, हे खांद्याला कळले की हँगरची भाषा समजावून सांगावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष धडा. एक लिंबू, एक बटाटा, एक मोठा कांदा आणि मुरमुऱ्यांचे फुगलेले पाकीट. लिंबू साधारण पन्नास ग्रॅमचे, बटाटा एकशेवीसचा, कांदा दोनशेचा आणि पाकिटात पन्नास ग्रॅम मुरमुरे. हे आकडे शिक्षकासाठी. मुलांना ग्रॅम इतक्यात सांगायचे नाहीत. प्रत्येक जोडीचा क्रम एकच: आधी पाहून अंदाज, मग हातात घेऊन अंदाज, शेवटी हँगर. अंदाज फळ्यावर लिहून ठेवायचा, नाहीतर निकाल लागल्यावर सगळ्यांनाच ‘मी तेच म्हणालो होतो’ असे वाटू लागते.

पहिली जोडी मुरमुरे आणि बटाटा. पाकीट बटाट्याच्या कितीतरी पट मोठे, म्हणून पाहून बहुतेक हात पाकिटाच्या बाजूने उठतात. हातात घेतल्यावर काही मुले मत बदलतात. हँगरला लावल्यावर बटाटा खाली जातो. दुसरी जोडी बटाटा आणि लिंबू. पुन्हा बटाटा खाली. मुले म्हणतात, “बटाटा जड आहे.” तेव्हा तिसऱ्या जोडीत बटाट्यासमोर कांदा ठेवायचा. बटाटा वर जातो. मघाशी जड असलेला बटाटा आता हलका कसा झाला? त्यातून काही काढले का? नाही. मग बदलले काय? बदलला तो समोरचा. या धड्याचे मर्म इथेच आहे. जडपणा एकट्या बटाट्याचा नाही, तो दोघांमधला आहे.

यासाठी मराठीत एक छोटा शब्द आहे, ‘पेक्षा’. ‘बटाटा लिंबापेक्षा जड, कांद्यापेक्षा हलका.’ घरी मराठी आणि अंगणात हिंदी बोलणारी आपली मुले अनेकदा ‘बटाटा लिंबूसे जड’ असे म्हणतात. त्यांचा विचार बिनचूक असतो, फक्त तुलनेचा शब्द दुसऱ्या भाषेतला असतो. तिथे मुलाला चूक म्हणून थांबवू नये. हँगरकडे बोट दाखवून आपण तेच वाक्य ‘पेक्षा’सह म्हणावे आणि पुढची जोडी त्याला म्हणू द्यावी. पाच-सहा जोड्यांत तो शब्द तोंडी बसतो.

तीन जोड्या झाल्यावर एक प्रश्न विचारता येतो. कांदा बटाट्यापेक्षा जड, बटाटा लिंबापेक्षा जड. मग कांदा आणि लिंबू यांत कोण जड? काही मुले न तोलता सांगतात. काहींना तोलूनच पाहायचे असते, आणि त्यांना पाहू द्यावे. तोलल्याशिवाय उत्तर सांगता येणे ही वेगळी, थोडी पुढची पायरी आहे, आणि ती सगळी मुले एकाच दिवशी चढत नाहीत.

या साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हँगरची टोके आकड्याच्या बरीच खाली असतात. त्यामुळे दोन्ही पिशव्यांचे एकूण वजन त्याला सतत आडवे धरून ठेवू पाहते, आणि हे वजन जितके अधिक तितका तो कमी झुकतो. चाळीस सेंटीमीटर रुंदीच्या, आकड्यापासून टोके सुमारे सोळा सेंटीमीटर खाली असलेल्या हँगरवर हिशेब करून पाहू. दोन्ही बाजूंना शंभर ग्रॅमच्या आसपास वजन असताना दहा ग्रॅमचा फरक असेल, तर दोन्ही खुणांच्या उंचीत जवळजवळ दोन सेंटीमीटरचे अंतर पडते आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसते. तोच दहा ग्रॅमचा फरक अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत असेल, तर अंतर जेमतेम अर्धा सेंटीमीटर राहते. मुले ‘सारखेच’ म्हणतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पातळ प्लॅस्टिकचा हँगर तर इतक्या ओझ्याने वाकतोच. म्हणून वस्तू हलक्या घ्याव्यात आणि जोडीतला फरक चांगला ठळक ठेवावा.

तरीही शंका आली तर दोन कसोट्या आहेत. हँगरला हळूच टिचकी मारावी. थोडे डोलून तो पुन्हा त्याच जागी स्थिरावला तर ठीक, वेगळ्या जागी थांबला तर आकडा कुठेतरी अडकतो आहे. दुसरी कसोटी अधिक चांगली. पिशव्यांतील वस्तूंची अदलाबदल करावी. जड वस्तू दुसऱ्या बाजूला गेल्यावर तीही बाजू खाली गेली, तर निकाल खरा. दोन्ही वेळा एकच बाजू खाली राहिली, तर तो दोष वस्तूंचा नाही, तराजूचा आहे. ही कसोटी मुलांना फार आवडते, कारण तीत ती तराजूलाच पकडतात.

पालकांना एकच सुचवते. हे घरी करायला दहा मिनिटेही लागत नाहीत. हँगर आणि भाजीच्या पिशव्या प्रत्येक घरी आहेत. मूल ‘हे जड’ म्हणाले की दोनच प्रश्न विचारावेत: “कशापेक्षा?” आणि “कशावरून?” पहिल्याचे उत्तर देताना त्याला दुसरी वस्तू शोधावी लागते. दुसऱ्याचे उत्तर देताना ‘बाई म्हणाल्या’ किंवा ‘मोठे दिसते’ एवढे पुरत नाही. त्याला हँगरकडे जावे लागते. कधी त्याचा निकाल तुमच्या अंदाजाविरुद्ध लागेल. तेव्हा पिशव्यांची अदलाबदल करून पाहा, आणि तरीही तोच निकाल आला तर तो मान्य करा.