पॉलिसी बंद करण्याचं पत्र

विमा कंपनीच्या शाखेत काउंटरपलीकडे बसून मी बरीच वर्षं लोकांची पत्रं घेतली. पॉलिसी बंद करायला आलेला माणूस बहुधा एकच ओळ लिहून आणायचा, “माझी पॉलिसी रद्द करून पैसे परत द्यावेत.” खाली सही, आणि बऱ्याचदा तारीखसुद्धा नाही. त्या एका ओळीत दोन गोष्टी राहून जात, आणि त्या दोन्हींना रुपयांत किंमत असते. पहिली म्हणजे नेमका शब्द आणि दुसरी म्हणजे तारीख. आज या दोन गोष्टींबद्दलच बोलणार आहे.

आधी आरोग्य विमा घेऊ, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. वर्षाची मेडिक्लेम पॉलिसी मध्येच बंद करायची तर कंपनीला सात दिवसांची लेखी सूचना द्यायची. कारण सांगायची सक्ती नाही. त्या वर्षात एकही क्लेम घेतला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता दिवसांच्या प्रमाणात परत मिळतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं. त्याआधी बहुतेक पॉलिसींत एक तक्ता छापलेला असे. महिनाभरात बंद केली तर पाऊण रक्कम, तीन महिन्यांपर्यंत अर्धी, सहा महिन्यांपर्यंत पाव आणि त्यानंतर काहीच नाही. घरातल्या जुन्या पॉलिसीच्या मागच्या पानावर हा तक्ता असेल, आणि तोच दाखवून कोणी तुम्हाला पाव रक्कम देऊ करत असेल, तर दिवसांच्या प्रमाणातला हिशेब लेखी मागा.

आकड्यांत पाहू. हप्ता २१,९०० रुपये, म्हणजे दिवसाला ६० रुपये. पॉलिसी १ जुलैला सुरू झाली. तुमचं पत्र कंपनीला १ ऑक्टोबरला मिळालं आणि सात दिवसांची सूचना ८ ऑक्टोबरला संपली. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ८ मिळून शंभर दिवस तुम्हाला संरक्षण मिळालं. उरले २६५ दिवस. त्यांचे १५,९०० रुपये तुमचे. जुन्या तक्त्याने हेच ५,४७५ रुपये झाले असते.

हे सात दिवस पत्र कंपनीच्या हाती पडल्यापासून मोजले जातात. तुम्ही ते लिहिलंत केव्हा, याला महत्त्व नाही. एजंटच्या पिशवीत पत्र वीस दिवस पडून राहिलं, तर या उदाहरणात तुमचे बाराशे रुपये गेले. म्हणून पत्र स्वतः शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. शाखा लांब असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर त्याची प्रत टाका. फोनवर दिलेल्या शब्दावर राहू नका.

वर्षात एक जरी क्लेम घेतला असेल, अगदी लहान रकमेचा, तरी त्या वर्षाचा परतावा बुडतो. दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर गोष्ट थोडी वेगळी. जी वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत, त्यांचा हप्ता परत मिळतो. पहिल्या वर्षी क्लेम झाला म्हणून पुढच्या दोन वर्षांचे पैसेही गेले, असं समजून लोक गप्प बसतात. तसं करू नका.

आणि आरोग्य विम्याबाबत एक कळकळीची विनंती. एका कंपनीची पॉलिसी वर्षाच्या मध्ये रद्द करून दुसरीची नवी घेतली, तर मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ पहिल्यापासून सुरू होतो. हा काळ तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. तुम्हाला फक्त कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी पोर्ट करा. मग थांबून काढलेली वर्षं तुमच्या खात्यावर राहतात. साठीच्या माणसाने दहा-बारा हजारांच्या परताव्यासाठी ही वर्षं घालवलेली मी पाहिली आहेत. ती परत मिळवण्याचा मार्ग नसतो.

आता आयुर्विमा. इथे ‘रद्द करा’ हा शब्द फक्त एका काळात बरोबर असतो. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवस. याला फ्री लूक म्हणतात. या काळात पत्रात स्पष्ट लिहायचं, “फ्री लूकच्या मुदतीत मी पॉलिसी परत करीत आहे.” मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम कापून बाकी हप्ता परत येतो. तीस दिवस उलटल्यावर लिहायचा शब्द मात्र ‘सरेंडर’, कागदोपत्री मराठीत समर्पण. आणि मिळायची ती सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे समर्पण मूल्य.

सरेंडर व्हॅल्यू दोन प्रकारची असते, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. एक हमीची. तुम्ही भरलेल्या हप्त्यांचे काही टक्के, जे पॉलिसीतच छापलेले असतात. दुसऱ्या वर्षात सरेंडर केली तर किमान ३० टक्के, तिसऱ्यात ३५, चौथ्या ते सातव्यात ५०. दुसरी विशेष सरेंडर व्हॅल्यू. तुम्ही भरलेल्या हप्त्यांवर मुदतीअखेर जे मिळालं असतं, त्याची आजची किंमत. नियम असा की दोहोंत जी जास्त, ती द्यायची. १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या नियमांनी ही विशेष किंमत काढायची किमान रीतही ठरवून दिली. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचा व्याजदर घ्यायचा, त्यात फार तर अर्धा टक्का मिळवायचा आणि त्या दराने पुढची रक्कम आजवर आणायची.

उदाहरणासाठी शिवणकाम करणाऱ्या एक ताई घेऊ. पंधरा वर्षांची पॉलिसी, दरवर्षी ५०,००० रुपये हप्ता, मुदतीअखेर १२ लाखांची हमी. दोन हप्ते भरले, दोन वर्षं पूर्ण झाली आणि तिसरा भरायला पैसे नाहीत. छापील तक्ता पाहून त्यांना कोणी सांगितलं, “एक लाख भरलेत, पस्तीस टक्के म्हणजे ३५,००० मिळतील.” आता दुसरा हिशेब करू. पंधरांपैकी दोन हप्ते भरले, म्हणजे १२ लाखांचे दोन पंधरांश, १,६०,००० रुपये. पण ते तेरा वर्षांनी मिळणार. सात टक्के दर धरला, तर तेरा वर्षांनंतरच्या १,६०,००० रुपयांची आजची किंमत सुमारे ६६,४०० रुपये होते. मृत्यूलाभाचा भाग मी यात धरलेला नाही, त्यामुळे कंपनीचा आकडा थोडा हलेल. तरीही तो पस्तीस हजारांच्या जवळपास येणार नाही.

तिसरा मार्गही आहे. ताईंनी पैसे उचललेच नाहीत आणि पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच चालू ठेवली, तर तेरा वर्षांनी १,६०,००० हाती येतील आणि मधल्या काळात कमी रकमेचं का होईना, विमा संरक्षण राहील. म्हणून सरेंडरचा अर्ज देण्याआधी एक वेगळं पत्र द्यायचं. ते वाचून दाखवतो, हवं तर लिहून घ्या.

“माझ्या पॉलिसी क्रमांक अमुक संदर्भात आजच्या तारखेची हमीची सरेंडर व्हॅल्यू, विशेष सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम, हे तीन आकडे मला लेखी कळवावेत. विशेष सरेंडर व्हॅल्यूसाठी कोणता व्याजदर धरला आहे, तेही कळवावे. हे पत्र सरेंडरचा अर्ज नाही.”

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसलं तर नुसती चौकशी म्हणून दिलेल्या पत्रावर सरेंडरची कारवाई सुरू होऊ शकते. पॉलिसी एकदा सरेंडर झाली की ती पुन्हा जिवंत होत नाही. वय वाढलेलं असतं आणि नवी घ्यायला गेलं की हप्ता चढा पडतो.

तीन आकडे हाती आले, घरात बोलणं झालं आणि सरेंडरच करायची ठरली, की मग दुसरं पत्र. “वरील पॉलिसी मी सरेंडर करीत आहे. हमीची आणि विशेष यांपैकी जास्त असलेली रक्कम सोबतच्या बँक खात्यात जमा करावी आणि हिशेबाची प्रत द्यावी.” सोबत मूळ पॉलिसी, ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि कंपनीचा भरलेला फॉर्म. फॉर्ममध्ये रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नका. तिथे सही म्हणजे ‘रक्कम पूर्णपणे मिळाली’ अशी कबुली असते. पॉलिसी बँकेकडे कर्जासाठी तारण असेल, तर बँकेकडून ती आधी आपल्या नावावर परत करून घ्यावी लागते.

आता तारखेची गोष्ट. नव्या नियमांच्या पॉलिसीत पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि त्या वर्षाचा हप्ता पूर्ण भरलेला असेल, की विशेष सरेंडर व्हॅल्यू सुरू होते. पूर्वी यासाठी दोन-तीन वर्षांचे हप्ते लागत. वरच्या ताईंनी एकच हप्ता भरून अकराव्या महिन्यात सरेंडरचं पत्र दिलं असतं, तर हाती काही आलं नसतं. दोन महिने थांबून तेराव्यात दिलं असतं, तर ८०,००० रुपयांची चौदा वर्षं आधीची किंमत, म्हणजे सुमारे ३१,००० रुपये मिळाले असते. त्यासाठी दुसरा हप्ता भरण्याचीही गरज नव्हती. ऑक्टोबर २०२४च्या आधी घेतलेल्या पॉलिसीला मात्र तिच्यात छापलेल्या अटी लागू होतात, त्या आधी वाचा. आणि ज्यात मुदतीअखेर काहीच मिळत नाही अशा, दरवर्षी हप्ता भरायच्या शुद्ध टर्म विम्याला सरेंडर व्हॅल्यू नसते.

बँकेतला हप्त्याचा ऑटो-डेबिट बंद केला की पॉलिसी बंद झाली, असंही लोक धरून चालतात. ते चूक आहे. ऑटो-डेबिट थांबवल्याने फक्त हप्ता चुकतो. वार्षिक हप्त्याच्या आयुर्विम्यात तीस दिवसांची सवलत संपली की पॉलिसी लॅप्स किंवा पेड-अप होते, पण पैसे आपसूक खात्यात येत नाहीत. ते पत्र देऊनच मागावे लागतात. उलट, सरेंडरचं पत्र दिल्यावर ऑटो-डेबिट बँकेत स्वतः जाऊन थांबवा, नाहीतर पुढचा हप्ता कापला जाऊ शकतो.

अडकलेली सरेंडर व्हॅल्यू सोडवून देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. आयआरडीएआय कोणालाही असे फोन करत नाही.

कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा आकडा पटला नाही, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं. तिथे तुमच्याकडे पहिल्यांदा मागितली जाईल ती पत्राची शिक्का मारलेली प्रत. पॉलिसी कंपनीला परत दिली तरी ती प्रत, आणि मूळ पॉलिसीची झेरॉक्स, घरच्या फाईलमध्येच राहू द्या.