बाबाको का चालत नाही?

नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले होते, "सर, बाकोबा चालते, मग बाबाको का नाही?" "पुस्तकात नाही म्हणून," असे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर मला रात्रभर बोचले. दुसऱ्या दिवशी कंपास घेऊनच फळ्यापाशी गेलो.

तुम्हीही कागद घ्या. अ बिंदूपाशी 60 अंशांचा कोन काढा. एका भुजेवर 8 सेंटिमीटरवर ब घ्या. आता कंपासमध्ये 7 सेंटिमीटर अंतर घेऊन ब पासून कंस मारा. तो दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो, अ पासून 3 आणि 5 सेंटिमीटरवर. दोन्ही त्रिकोणांत 8, 7 आणि 60 अंश तेच, तिसरी बाजू मात्र वेगळी. मग एकरूपता कसली?

कोनासमोरची बाजू दुसरीपेक्षा लहान असेल, तरच हा घोटाळा होतो. काटकोनासमोर तर कर्ण असतो, सर्वांत मोठा. तिथे कंस भुजेला एकदाच छेदतो, त्रिकोण एकच मिळतो. हीच आपली कर्णभुजा कसोटी.

"म्हणजे ते बाबाकोच की!" ती मुलगी म्हणाली. खरेच होते.