कृत्रिम पाय सैल होतो तेव्हा

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय मी वापरतो. उरलेला पाय ज्या पोकळ साच्यात बसतो त्यास सॉकेट म्हणतात. सॉकेटचे माप बदलत नाही. उरलेला पाय मात्र बदलतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात तो बराच आटतो आणि बहुधा सकाळपेक्षा सायंकाळी बारीक असतो. मग तो सॉकेटमध्ये खोल उतरतो व गुडघ्याच्या वाटीखाली आणि टोकाशी दाब येतो. दुपारच्या तासाला फळ्यापाशी उभा असताना मला प्रथम तेथेच टोचू लागले. एक सुती मोजा वाढविताच ते थांबले. पुढे मोजे चार-पाच झाले, तरी पाऊल उचलताना पाय खालीवर सरके. तेव्हा केंद्रात जाऊन सॉकेटच बदलून घ्यावे लागले.

रात्री पाय उतरविल्यावर मी आरशात त्वचा पाहतो, मग साबणाने धुऊन कोरडी करतो. लाली दहा-पंधरा मिनिटांत ओसरली तर चिंता नसते. ती टिकली अथवा फोड आला, तर कृत्रिम पाय न घालता तंत्रज्ञास दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी वेदनेची वाट पाहू नये. त्यांना ती जाणवेलच असे नाही. सॉकेट घरी कानशीने घासण्याचा उद्योग मी एकदा केला; दाब हटला नाही, केवळ जागा बदलली.