'रिस्पेक्टेड सर' की नुसतं 'हाय'?

लिंक्डइनवर अनोळखी वरिष्ठांना कनेक्शनची विनंती पाठवताना मायना काय लिहावा, असं आपली मुलं मला हल्ली विचारतात. एका वर्गमैत्रिणीच्या मुलीची चिठ्ठी 'रिस्पेक्टेड सर'पासून 'युवर्स ओबीडियंटली'पर्यंत होती. (बाई, रजेच्या अर्जाची सवय!) तिथे जागा जेमतेम २००-३०० अक्षरांची. निम्मी मानपानातच संपली आणि आपण कोण, का लिहितोय, ते राहूनच गेलं.

मग आम्ही त्या गृहस्थांनी इतरांच्या कॉमेंटना दिलेली उत्तरं वाचली. भाषा मोकळी, पण नवख्या मुलांकडून 'सर' चालवून घेणारी. माणूस अमेरिकेत असता तर मी पहिलं नाव सुचवलं असतं, जर्मनीत असता तर आडनाव. हे पुण्याचे, पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला नुसतं 'हाय' मला पटेना. शेवटी इंग्रजीत लिहिलं, ते साधारण असं: 'नमस्कार सर, डेटाबेस बॅकअपवरचं तुमचं भाषण ऐकलं. मी शेवटच्या वर्षाला त्याच विषयावर प्रकल्प करते आहे. तुमचं लेखन वाचत राहायला आवडेल.' 'सर' एकदाच, नोकरीचा उल्लेख नाही.

तीन दिवसांनी उत्तर आलं, खाली फक्त पहिलं नाव. पुढच्या पत्रात तिने तरीही 'सर'च लिहिलं. मी ते बदलायला सांगितलं नाही.